पाटी बदलतेय, चटणी तीच: आमच्या गिऱ्हाइकांना खुले पत्र

मावशी, काकू, वहिनी, खानावळवाले दादा आणि पुण्या-मुंबईहून पार्सल मागवणारी सगळी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

येत्या दसऱ्याला आपल्या कांडपाची पाटी बदलणार आहे. नवीन नाव ‘चिंचेखाली’. रंगारी शिडी लावून पाटीचं माप घेऊन गेला त्या दिवसापासून रोज कोणीतरी दारात थांबून विचारतंय, “दुकान विकलं काय गं?” परवा एका आजींनी तर वर्षाची चटणी आत्ताच करून मागितली, का तर नवा मालक आला की हात बदलंल. म्हणून हे पत्र. दुकान विकलेलं नाही. मालक बदललेला नाही. सासूबाईंनी ज्या मशीनवर सुरुवात केली ती मुसळं अजून तीच आहेत, आणि अठ्ठावीस वर्षं मिरचीचे देठ काढणाऱ्या मावशी आजही सकाळी साडेनऊला येऊन माझ्याआधी चहा ठेवतात.

आधीचं नाव या पत्रात मी कुठंच लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते मुद्दाम आहे, आणि त्याचं कारण हीच तर सगळी गोष्ट आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, ते एका देवीचं नाव होतं आणि पुढं ‘मसाले’ लावलेलं. सासूबाईंनी 1994 साली गल्लीत पहिलं मशीन बसवलं तेव्हा देवीचं नाव द्यायचं, एवढंच त्यांना सुचलं. तसंच ते दुसऱ्या गावातल्या आणखी कोणाला तरी सुचलं. फरक इतकाच, की त्यांनी ते ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं आणि आम्ही नोंदवलं नाही. ट्रेडमार्कच्या नोंदणीत मालाचे वर्ग पाडलेले असतात. मसाले तीस नंबरच्या वर्गात येतात. त्या वर्गात ते नाव त्यांचं झालं, आणि मागच्या वर्षी त्यांच्या वकिलांची नोटीस आली, की हे नाव वापरणं बंद करा.

पहिल्यांदा मला राग आला. आपण तर कधीपासून वापरतोय! वकिलांनी समजावलं की कायदा जुन्या वापरणाऱ्याला अगदीच वाऱ्यावर सोडत नाही. नोंदणी करणाऱ्याच्या आधीपासून तुम्ही तेच नाव सलग वापरत असाल, तर तुमचा वापर त्यांना सहज थांबवता येत नाही. पण हे तोंडी सांगून चालत नाही, कागद लागतो. जुनी बिलं, पावतीपुस्तकं, जाहिरात, परवाना, काहीही चालतं. फक्त त्यावर नाव आणि तारीख दोन्ही पाहिजेत.

आणि आमचे कागद कुठं होते? खालच्या कपाटात. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरलं तेव्हा आम्ही आधी मोटरी वर चढवल्या, मग मिरचीची पोती. कपाटाची आठवण तिसऱ्या दिवशी झाली. पाणी उतरल्यावर पावतीपुस्तकांचा अक्षरशः लगदा निघाला. कार्बनची निळी शाई पानापानांतून पसरली होती. त्यातून जे थोडं वाचलं, ते 2021 च्या जुलैमधल्या पुरानं नेलं. मला मिळालेला सगळ्यांत जुना कागद विजेच्या बिलाचा होता, आणि बिल सासऱ्यांच्या नावावर. दुकानाचं नाव त्यावर नाही.

भांडत बसलो असतो तर काही वर्षं गेली असती, आणि जिंकलो असतो याची खात्री नव्हती. समोरच्या मंडळींनी तशी माणुसकी दाखवली. पैसे मागितले नाहीत, मुदत दिली. आम्ही लिहून दिलं की दसऱ्यानंतर पाटीवर, पिशवीवर, जाहिरातीत किंवा कुठल्याही पत्रात ते नाव येणार नाही. म्हणून ते या पत्रातही नाही. तुम्ही बोलताना वापरलंत तर कोण अडवणार?

आता नवीन नाव. मी वकिलांकडं तीन नावं घेऊन गेले होते. पहिलं होतं ‘कोल्हापुरी चटणी’. ते त्यांनी ऐकताच बाजूला ठेवलं. गावाचं नाव अधिक मालाचं नाव, हे एकट्याच्या मालकीचं होत नाही. दुसरं ‘कांडप’. तेही तसंच. ज्या शब्दानं सगळा धंदा ओळखला जातो तो एका दुकानाला मिळत नाही. तिसरं नाव मी थोडी लाजतच सांगितलं, कारण ते माझं नव्हतंच. ते तुमचं होतं. गावात कोणी विचारलं चटणी कुठं करता, की तुम्ही म्हणता, “चिंचेखाली.” चिंच तर रस्ता रुंद झाला तेव्हाच गेली. आता तिथं रिक्षा थांबतात. पण नाव तुमच्या तोंडात राहिलं. वकील हसले आणि म्हणाले, हे चालेल. त्यांची एकच शंका होती, की खायच्या मालावर चिंचेचं नाव टाकल्यावर लोकांना वाटेल यात चिंच आहे. म्हणून पिशवीवर घटक पदार्थ लिहिलेत तिथं बघून घ्या. चटणीत चिंच नाही, कधीच नव्हती.

एक खुलासा. या नावासाठी अर्ज केलेला आहे. आमच्यासारख्या छोट्या धंद्याला त्याची सरकारी फी 4,500 रुपये पडते. पण नोंदणी अजून झालेली नाही. आधी तपासणी होते, मग नाव ट्रेडमार्कच्या जर्नलमध्ये छापून येतं, आणि त्यानंतर चार महिने कोणालाही हरकत घेता येते. ते सगळं पार पडलं की नोंदणी, आणि तीही दहा वर्षांची, मग नूतनीकरण. म्हणून पाटीवर गोलातला ‘आर’ दिसणार नाही. नोंदणीआधी तो लावणं गुन्हा आहे. रंगारी मात्र “शोभेला काढू काय?” असं दोनदा विचारून गेला.

आता चटणीबद्दल. नाव बदललं की माल बदलतो अशी तुमची शंका असेल तर ती चुकीची नाही. पुष्कळ ठिकाणी तसं होतं. म्हणून नुसतं ‘दर्जा तोच’ असं म्हणण्यापेक्षा आम्ही काय घालतो आणि ते कमी झालं तर तुम्हाला कसं कळेल, तेच सांगते.

किलोभर मिरची धरली तर तिच्यात सहाशे ग्रॅम ब्याडगी, तीनशे ग्रॅम संकेश्वरी आणि शंभर ग्रॅम तेजा असते. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला आणि तेजा झणक्याला. संकेश्वरी गडहिंग्लजच्या बाजारातून येते. यंदाची सगळी मिरची मार्चमध्येच घेऊन ठेवली आहे आणि ती शीतगृहात आहे. त्यामुळं दसऱ्यानंतर जी चटणी मिळेल ती त्याच पोत्यांतली, ज्यांतली तुम्ही उन्हाळ्यात नेली. या मिरचीला पाव किलो सुकं खोबरं, पाव किलो लसूण, पाव किलो धणे, अर्धा किलो कांदा उभा चिरून कुरकुरीत तळलेला, थोडे तीळ, जिरे, आणि खडा मसाला मिळून शंभर ग्रॅम. मीठ दोनशे ग्रॅम. मिरची उन्हात देऊन देठ काढले की किलोमागं शंभर-सव्वाशे ग्रॅम घट येते, कांदा तळून निम्म्याच्याही खाली येतो, आणि शेवटी सव्वादोन किलोच्या आसपास चटणी हातात पडते.

यात पैसे वाचवायचे असतील तर तीन जागा आहेत, आणि आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना त्या माहीत असतात. पहिली मीठ. मीठ सगळ्यांत स्वस्त आणि वजनाला जड. दोनशेचं तीनशे केलं की किलोमागं शंभर ग्रॅम चटणी फुकट वाढली. तुम्हाला ते असं कळेल: नेहमीएवढीच चटणी घालून, वरचं मीठही नेहमीएवढंच टाकून भाजी खारट लागायला लागली, तर समजा. दुसरी जागा खोबरं. ते कमी झालं की चटणी चिमटीत कोरडी लागते, बोटाला तेलाचा ओशटपणा येत नाही.

तिसरी जागा मिरचीची. ब्याडगी महाग असते. ती कमी करून तेजा वाढवली की झणका उलट वाढतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, यंदा चटणी जोरात आहे! फसगत इथंच होते. ब्याडगीचा लाल रंग तेलात उतरतो. म्हणून घरी एक करून बघा. दोन चमचे तेल कडकडीत तापवा, गॅस बंद करा, थोडं थांबा आणि अर्धा चमचा चटणी टाका. तेलाला लगेच गडद लाल तांबूसपणा यायला हवा. तोंडाला जाळ आणि तेल मात्र फिकं, असं झालं तर ब्याडगी कमी आहे. रश्श्याला कट येत नाही म्हणून वहिनी गॅसला नावं ठेवतात, तेव्हा दोष पुष्कळदा इथं असतो.

कोरड्या लाल तिखटाची परीक्षा आणखी सोपी आहे. काचेच्या पेल्यात पाणी घ्या आणि वरून चिमूटभर तिखट भुरभुरवा, ढवळू नका. पाण्यात विरघळणारा वरचा रंग मिसळला असेल तर लाल रेघा लगेच खाली उतरताना दिसतात. मिरचीचा स्वतःचा रंग तसा पाण्यात उतरत नाही. आमचं तिखट नेऊन करा, शेजारचं नेऊन करा.

एक चूक आमचीही झालेली आहे, ती लपवत नाही. मागच्या पावसाळ्यात एका दिवसाच्या चटणीत कांदा पुरता कुरकुरीत झाला नव्हता. घाई होती, बाहेर पाऊस होता, आणि कढईतून मीच लवकर काढला. ओल राहिली. महिन्याभरात पाच-सहा जणींच्या बरणीत चटणीचे गोळे झाले आणि कुबट वास आला. त्या दिवसाची सगळी पाकिटं परत घेतली आणि बदलून दिली. ती नेमकी कोणाकडं गेली हे सापडलं ते पाकिटावरच्या बॅच नंबरमुळं. हा नंबर नवीन पाकिटावरही तिथंच असेल, तारीख आणि पुढं घाण्याचा क्रमांक. चटणीत काही बिघाड वाटला तर खाऊ नका, टाकूनही देऊ नका. तो नंबर फोनवर सांगा.

आता भाव. अर्ध्या किलोचं पाकीट 320 रुपये, ते 320 च राहील. किलो 620. तुमची मिरची आणून कांडून न्यायची असेल तर मजुरी किलोला 50 रुपये, तीही तीच.

पाटी, शिक्के, तीन हजार नव्या पिशव्या, वकिलांची फी आणि अर्ज मिळून नाव बदलायला आम्हाला साधारण 28,000 रुपये खर्च आला. वर्षाला आमची जवळपास 1,800 किलो चटणी जाते. म्हणजे किलोमागं साडेपंधरा रुपये. धाकट्या दिरांनी सुचवलं, अर्ध्या किलोला आठ रुपये वाढवू, कोणाला कळणारही नाही. कळलं नसतं, हे खरं. पण पावतीपुस्तकं खालच्या कपाटात ठेवली ती आम्ही. त्याचे पैसे तुम्ही का द्यायचे? हा खर्च आमच्या खिशातून जाईल.

भाव न वाढवता पाकीट लहान करायची एक युक्ती असते. 500 ग्रॅमचं 450 ग्रॅम होतं, किंमत तीच राहते. तसं झालंय का हे बघायला आता सोय आहे. पाकिटावर एकूण किमतीशिवाय एका ग्रॅमचा भावही छापावा लागतो. आमच्या जुन्या पाकिटावर 0.64 रुपये आहे, नव्यावरही 0.64 च असेल. दोन्ही शेजारी धरून वाचा. हे इतर कुठल्याही दुकानातल्या पाकिटाला लावता येतं, चष्मा मात्र लागतो.

हा भाव नव्या मिरचीपर्यंत. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजार कसा निघतो त्यावर पुढचं ठरेल, दर वर्षी ठरतं तसं. वाढवावा लागला तर पंधरा दिवस आधी फळ्यावर लिहू.

आता पत्ता, फोन आणि पैसे. यातला शेवटचा भाग जरा नीट वाचा.

पत्ता तोच. दुकानाचा फोन तोच, पाकिटाच्या मागच्या बाजूला छापलेला. व्हॉट्सॲपही त्याच नंबरवर. तिथं वरचं नाव बदललेलं दिसेल, फोटो नव्या पाटीचा असेल, पण तुमचं जुनं बोलणं तसंच खाली राहील. ते गायब झालं असेल तर तो आमचा नंबर नाही.

काउंटरवरचा क्यूआर कोड मात्र बदलणार आहे, कारण बँकेतलं चालू खातं दुकानाच्या नावानं आहे आणि ते नाव आता बदलतंय. खातं तेच, शाखा तीच. स्कॅन केल्यावर पैसे पाठवण्याआधी पडद्यावर बँकेत नोंदलेलं नाव येतं. दसऱ्याच्या आसपास आठ-दहा दिवस तिथं जुनं नाव दिसू शकतं, बँकेचं काम बँकेच्या चालीनं होतं. तेव्हा समोर उभ्या असाल तर मला किंवा मावशींना विचारून पाठवा. पार्सलवाल्यांनी फोन करून पाठवा.

नाव बदलण्याच्या काळात आणखी एक होतं. “आमच्या दुकानाचं नाव बदललं आहे, आता या नंबरवर पैसे पाठवा” असा निरोप तिसऱ्याच माणसाकडून येतो. आमच्याकडून असा निरोप कधीच येणार नाही. नवा कोड आम्ही व्हॉट्सॲपवर फिरवणार नाही, तो फक्त काउंटरवर आणि पाकिटाच्या खोक्यात ठेवलेल्या कागदावर असेल.

खानावळवाल्यांनी आणि दोन्ही कॅन्टीनवाल्या दादांनी वहीत नाव बदलून घ्यावं, पण घाबरू नये. जीएसटीचा पंधरा अक्षरी क्रमांक पॅनवरून तयार होतो. मालक तोच, पॅन तोच, म्हणून क्रमांकही तोच. दसऱ्यानंतरच्या बिलावर नाव नवं आणि क्रमांक जुना दिसेल, तेच बरोबर आहे. अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांकही बदलत नाही, त्यात फक्त नाव दुरुस्त होतं. कोणी नव्या नावाचं पाकीट दाखवून ‘हे चिंचेखालचंच’ म्हणालं, तर घरातल्या जुन्या पाकिटावरचे हे चौदा आकडे जुळवून बघा. नाव कोणी उचलू शकतं, हे आम्ही आता चांगलं शिकलोय.

ज्यांनी दर महिन्याला थोडे थोडे भरून वर्षाची चटणी लावली आहे त्यांच्या पिवळ्या पावत्यांवर जुनं नाव आहे. त्या चालतील. बदलून घ्यायला येण्याची गरज नाही, माल घेताना आणा म्हणजे झालं. त्यांचा हिशोब लिहिलेली वही मी आता वरच्या मजल्यावर लोखंडी पेटीत ठेवते आणि दर शनिवारी मुलगी तिचे फोटो काढते.

दसऱ्याला सकाळी मशीनची पूजा आहे, म्हणून त्या दिवशी कांडप बंद, विक्री दुपारी बारानंतर. बाकी वेळ नेहमीची, साडेनऊ ते आठ, बुधवारी सुट्टी. जुन्या पिशव्या उरल्या असतील तर परत आणून देऊ नका, आम्हाला त्या वापरता येणार नाहीत. बरण्या मात्र आणा, आणि झाकणासकट आणा. मागच्या हंगामातली सात झाकणं अजून माझ्याकडं पडून आहेत, कोणाची ते कळत नाही.

तुमची,
चिंचेखालची सून
कोल्हापूर